हाक तशीच राहू द्या

परिपाठासाठी सर्व धर्मांच्या मुलांना आपली वाटेल अशी नवी प्रार्थना लिहायची म्हटली, की नांदेड-लातूरकडच्या शिक्षकखोलीत दोन मते हमखास पुढे येतात. एक म्हणते, सगळ्यांच्या देवांची नावे घाला. दुसरे म्हणते, देवाचे नावच नको, चांगल्या मूल्यांवर गाणे करा. दोघांचाही हेतू चांगला आहे, पण दोन्ही वाटांनी गेलात तर हाती प्रार्थना येत नाही, असे माझे ठाम मत आहे.

नावे घालणारे विनोबांचा दाखला देतात. विनोबांच्या सर्वधर्म प्रार्थनेत नारायण आहे, बुद्ध आहे, येशू आहे, रहीम आहे. शिखांच्या ओळखीचे ‘अकाल’ आणि ‘निर्भय’ हे शब्दही आहेत. ती रचना मी आदराने म्हणतो. पण तिच्यामागे एक सिद्धांत आहे: ही सारी एकाच तत्त्वाची नावे. विनोबांनी तो सिद्धांत जन्मभराच्या अभ्यासाने मिळवला होता. सातवीतल्या बौद्ध मुलीला मात्र घरी शिकवलेले असते, की बुद्ध हा देव नव्हे आणि कोणाचा अवतारही नव्हे. मुसलमान मुलाला शिकवलेले असते, की अल्लाहच्या बरोबरीने दुसरे कोणी घ्यायचे नाही. नावांची माळ ओवली, की ही दोन्ही मुले तिथेच अडतात. ज्यांना सामावून घ्यायचे म्हणून माळ ओवली, तेच गप्प होतात.

यावर नांदेडचाच दाखला देऊन मला विचारतात, गुरू ग्रंथसाहिबात इतके संत एकत्र नाहीत का? आहेत. 1708 साली गुरू गोविंदसिंगांनी नांदेडला ज्या ग्रंथाकडे गुरुपद सोपवले, त्यात कबीर आहेत, शेख फरीद आहेत आणि आपल्या नरसीच्या नामदेवांची 61 पदे आहेत. पण ती पदे तिथे कशी आहेत ते पाहा. नामदेवांचा ‘बीठल’ बीठलच राहिला आहे. प्रत्येकाचे पद अख्खे, त्याच्या नावानिशी, रागात बसवून ठेवले आहे. कोणाची अर्धी ओळ कोणाच्या अर्ध्या ओळीला जोडलेली नाही. तो ग्रंथ वर्षानुवर्षे ऐकायचा आहे. परिपाठातल्या तीन-चार मिनिटांच्या गाण्याला ती मोकळीक नसते. मग वार वाटून घ्या, सोमवारी एका धर्माची प्रार्थना, मंगळवारी दुसऱ्याची, अशी तोड निघते. त्यात प्रत्येक मूल आठवड्यातून एक दिवस घरचे आणि पाच दिवस पाहुणे होते.

आता दुसरे मत. एकता, स्वच्छता, परिश्रम, देशप्रेम यांवर गाणे लिहिले की कोणाची हरकत येत नाही, हे खरे. पण परिपाठात राष्ट्रगीत आहे, राज्यगीत आहे, प्रतिज्ञा आहे, संविधानाची उद्देशिका आहे, सुविचार आहे. मूल्ये सांगायला इतके सारे असताना प्रार्थनेनेही तेच सांगितले, तर तिचे स्वतःचे काम कोण करणार? साने गुरुजींची प्रेमधर्माची प्रार्थना मला फार प्रिय आहे; तरीही तिच्यात प्रभू तृतीय पुरुषात येतो आणि बोलणे माणसांशी चालते, हे लक्षात घ्या. गुरुजींच्या आर्ततेने ती तरली. तिच्या नकलांमधून मात्र नुसता उपदेश उरतो. गाणे पातळ झाले का, हे तपासायला मी एक कसोटी लावतो. ज्याला उद्देशून गाणे आहे तो काढून टाका आणि पुन्हा वाचा. काहीच बिघडले नसेल, तर ती प्रार्थना नव्हती.

प्रार्थना उभी राहते ती हाक मारण्याने आणि मागण्याने. पसायदान आठवा. ज्ञानदेवांनी त्यात कोणा एका देवतेचे नाव घेतले नाही, ‘विश्वात्मक’ म्हटले. आणि मग मागत गेले. त्या मागण्यातली क्रियापदे सांडो, वाढो, पडो अशी आहेत. विहारातल्या ‘भवतु’मध्ये हेच रूप आहे, आणि दुआनंतरचे ‘आमीन’ म्हणजेही तसेच होवो. म्हणजे मराठवाड्यातल्या सगळ्या घरांतून जे येते ते नाव नाही, मागण्याची ही रीत आहे. नवी रचना तिच्यावर उभी करावी.

वंदन, चरण, पूजन, आरती हे शब्द टाळावेत. चरण म्हटले की मूर्ती आली आणि वंदन म्हटले की कोणापुढे, हा प्रश्न आला. मागणे मात्र इथल्या मातीतले आणि नेमके हवे. 2016 साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेल्या लातूरला पाण्यापेक्षा खरे मागणे कोणते? छंद अभंगाचा घ्यावा, सहा-सहा-सहा-चार अक्षरांचा. तो नामदेवांचा आहे, लिंगायत मन्मथस्वामींचा आहे, श्रीगोंद्याच्या शेख महंमदांचा आहे आणि ख्रिस्ती नारायण वामन टिळकांचाही आहे. माझी रचना अशी:

करुणाघना तू, ये भेगांच्या दारी,
ओल दे शिवारी, अंतरीही।

माझिया पाण्याला न येवोच गोडी,
शेजारी कोरडी घागर जों॥

पहिल्या खर्ड्यात ‘मेघराजा’ होते. ते खोडले, कारण त्याने पाऊसच देव झाला आणि मुसलमान मूल पुन्हा अडले. ‘दयाघना’ बसत होते. पण ‘करुणा’ हा शब्द बौद्ध घरात रोजचा आहे आणि ‘रहीम’चा अर्थही त्याच्या जवळ जातो, म्हणून तो घेतला. दुसऱ्या कडव्यात आधी ‘शेजाऱ्याला पाणी देऊ’ अशी ओळ होती. ती सुविचाराच्या फळ्यावर शोभली असती. ‘माझ्या पाण्याला गोडी न येवो’ म्हटल्यावर गाणारा स्वतःविरुद्ध काही मागतो आहे, आणि मला अध्यात्म तिथे दिसते. शेजारी उपाशी असताना पोटभर जेवणारा खरा श्रद्धावान नव्हे, अशा अर्थाची हदीस ज्या घरात सांगतात, तिथे ही ओळ लगेच कळेल. 1927 चे महाडचे तळे ज्या घरात आठवतात, तिथे ती अधिक खोल जाईल. लंगरच्या पंगतीत बसलेल्या मुलालाही ती समजावून सांगावी लागणार नाही.

एक अडचण उरते आणि ती मी लपवत नाही. कोणालाच हाक मारायची नाही असे मानणारी घरेही आहेत. त्यांच्या मुलाला पहिल्या कडव्याला गप्प राहू द्यावे. दुसऱ्यात कोणालाही हाक नाही, तिथे त्याला सूर मिळवता येईल. त्याच्यासाठी सगळ्यांचे ‘करुणाघना’ खोडणे मला मान्य नाही, आणि त्याला ते म्हणायला लावणेही मान्य नाही. राज्यघटनेचे अनुच्छेद 28 संमतीवाचून कोणाला धार्मिक उपासनेत ओढू देत नाही. नाशिकच्या एका शिक्षकाला प्रार्थनेच्या वेळी हात जोडण्याची सक्ती करता येणार नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने 2013 साली सांगितले आहे. तेव्हा ‘हात जोड, डोळे मीट’ ही आज्ञा परिपाठातून काढावी. कोणी हात जोडील, कोणी ओंजळ पसरील, कोणी नुसते उभे राहील. चालही कोणत्या आरतीची किंवा सिनेमातल्या गाण्याची उचलू नये. मधल्या सप्तकात, पेटीच्या चार-पाच सुरांत बसेल अशी साधी बांधावी, म्हणजे आवाज फुटत असलेल्या नववीतल्या मुलालाही ती गाता येईल.