आकृती गेली, आकडे शोधा

अकरावी-बारावीच्या अर्थशास्त्राचा सराव पेपर हल्ली घरी येतो तो मोबाइलवर, कुणीतरी टाइप करून पुढे पाठवलेला. त्यात एक प्रश्न असतो : ‘सोबतच्या उत्पादन शक्यता वक्रावरून गव्हाचा संधी खर्च काढा.’ सोबत आकृती मात्र नसते. झेरॉक्समध्ये ती काळी पडलेली असते, नाहीतर टाइप करणाऱ्याने कंटाळून गाळलेली असते. दृष्टिहीन मुलाचा फोन तर सगळा प्रश्न वाचतो आणि वक्राच्या जागी ‘चित्र’ एवढंच म्हणून पुढे सरकतो. मग घरात ठरतं, सोडून दे हा प्रश्न.

लगेच सोडू नका. तो वक्र म्हणजे शेवटी जोड्यांची यादी असते : एक वस्तू इतकी केली तर दुसरी जास्तीत जास्त किती होईल. कागदावर ठिपके देऊन ते जोडले की वक्र दिसतो. रेघ पुसली तरी ठिपक्यांचे आकडे प्रश्नात कुठेतरी उरलेत का, ते आधी बघा. उरले असतील तर उत्तर निघतं. ते कसं, हे एका शेतावर करून दाखवतो. आकडे सोयीसाठी घेतले आहेत, पण शेत ओळखीचं वाटेल.

पाच एकर जमीन, एकेक एकराचे पाच तुकडे. रब्बीत गहू करायचा की हरभरा, एवढाच प्रश्न. हरभरा प्रत्येक तुकड्यात ६ क्विंटल येतो असं धरू. गव्हाचं तसं नाही, त्याला पाणी लागतं. विहिरीलगतच्या काळ्या तुकड्यात तो १८ क्विंटल येतो, त्याच्या शेजारी १६, मग १२, मग ८, आणि बांधाकडच्या मुरमाड तुकड्यात जेमतेम ६. आता सगळीकडे हरभरा आहे असं समजून एकेक तुकडा गव्हाला देत जा. आधी कुठला द्याल? हे शेतकऱ्याला शिकवावं लागत नाही, विहिरीखालचाच. मग यादी अशी होते :

गहू ०, हरभरा ३०
गहू १८, हरभरा २४
गहू ३४, हरभरा १८
गहू ४६, हरभरा १२
गहू ५४, हरभरा ६
गहू ६०, हरभरा ०

हाच तुमचा वक्र. संधी खर्च काढायला दोन शेजारच्या ओळी घ्या, काय गेलं आणि काय मिळालं ते बघा, आणि गेलेल्याला मिळालेल्याने भागा. पहिल्या पायरीला ६ हरभरा गेला, १८ गहू आला. म्हणजे एका क्विंटल गव्हामागे एक तृतीयांश क्विंटल हरभरा सोडावा लागला. मधल्या, म्हणजे तिसऱ्या पायरीला ६ गेला, १२ आला, खर्च अर्धा क्विंटल. शेवटच्या पायरीला ६ गेला आणि ६ च आला, खर्च अख्खा एक क्विंटल. गहू तोच, शेत तेच, पण शेवटचा क्विंटल पहिल्यापेक्षा तिप्पट महाग पडला. कारण मुरमाड तुकड्याला गव्हात ओढावं लागलं. पुस्तकात हा वक्र बाहेरच्या बाजूला फुगलेला काढतात, त्या फुगवट्याचा अर्थ एवढाच आहे. चित्र पाठ केलेल्या मुलापेक्षा ही यादी हाताने केलेल्या मुलाला तो जास्त कळतो, हा माझा शिकवण्यातला अनुभव.

भागताना मुलं दोन ठिकाणी घसरतात. पहिलं म्हणजे एकाच ओळीतले दोन आकडे भागणं. गहू ४६, हरभरा १२ दिसलं की १२ भागिले ४६ करून मोकळं व्हायचं. त्या भागाकाराला काही अर्थ नाही. ते १२ क्विंटल तर हातात आहेत, ते गेलेले नाहीत. दुसरं म्हणजे वर कुणाला ठेवायचं याचा गोंधळ. खर्च गव्हाचा विचारला असेल तर उत्तर हरभऱ्यात येतं. ‘एक क्विंटल गव्हामागे इतका हरभरा’ हे वाक्य आधी लिहून ठेवा, मग भागा. हरभऱ्याचा खर्च विचारला तर यादी खालून वर वाचायची : शेवटच्या ओळीवरून निघालं तर पहिल्या ६ हरभऱ्यासाठी ६ गहू जातो, आणि अगदी वर पोचताना तेवढ्याच ६ हरभऱ्यासाठी १८.

आता खरी अडचण. पुष्कळदा आकृतीबरोबर मधले ठिपकेही गळतात आणि दोनच टोकं उरतात : सगळा गहू केला तर ६०, सगळा हरभरा केला तर ३०. मग ३० भागिले ६०, उत्तर अर्धा क्विंटल, असं सर्रास लिहिलं जातं. प्रश्नात ‘सरळ रेषा’ किंवा ‘संधी खर्च स्थिर’ असे शब्द असतील तर हे बरोबर आहे, बिनधास्त लिहा. पण वक्र फुगलेला असेल तर अर्धा क्विंटल ही नुसती सरासरी झाली. आपल्याच शेतावर ताडून बघा. या हिशेबाने पहिल्या १८ गव्हाला ९ हरभरा जायला हवा, प्रत्यक्षात गेला ६. शेवटच्या ६ गव्हाला ३ जायला हवा, तिथेही गेला ६. म्हणून दोनच टोकं हातात असतील तर इतकंच लिहा : सरासरी खर्च अर्धा क्विंटल, सुरुवातीला त्याहून कमी, शेवटाकडे त्याहून जास्त. नेमका आकडा मागितला असेल तर मधले बिंदू मिळाल्याशिवाय तो निघत नाही, असं उत्तरात स्पष्ट लिहा. ओढूनताणून आकडा देण्यापेक्षा ते बरं.

चित्रात एक गोष्ट नजरेला पटकन दिसते, ती यादीत शोधावी लागते : बिंदू वक्रावर आहे की आत. समजा प्रश्न म्हणतो, सध्या गहू ३४ आणि हरभरा १२ होतो. यादीत ३४ ची ओळ काढा. तिथे हरभरा १८ आहे. म्हणजे बिंदू वक्राच्या आत आहे, एखादा एकर पडीक असेल नाहीतर गहू चुकीच्या तुकड्यांत असेल. अशा वेळी आणखी ६ हरभरा घ्यायला गहू मुळीच सोडावा लागत नाही, संधी खर्च शून्य. इथे भागाकार करणाऱ्याचे गुण जातात. उलट गहू ४६ आणि हरभरा १८ असं दिलं असेल तर ते या शेतात होणारच नाही, कारण ४६ ला हरभरा १२ च्या वर जात नाही.

बाजारभावाचा या यादीशी संबंध नाही, हेही मुलांना सांगून ठेवा. गव्हाला भाव चढला म्हणून क्विंटलमागचा हरभरा बदलत नाही. तो बदलेल नवी विहीर लागली तर, आणि मग यादीच नव्याने करावी लागेल.

शेवटची विनंती प्रश्न टाइप करणाऱ्यांना, ध्वनिमुद्रण करणाऱ्यांना आणि दृष्टिहीन मुलांसाठी पेपर वाचून दाखवणाऱ्या लेखनिकांना. ‘इथे एक वक्र आहे, तो खाली उतरतो’ असं सांगू नका, त्यातून काहीच काढता येत नाही. आडव्या अक्षावर काय आणि कुठल्या मापात, उभ्यावर काय, रेघ सरळ की बाहेर फुगलेली, आणि आकृतीत जितके बिंदू नावानिशी दिलेत तितक्यांचे दोन्ही आकडे, एवढं सांगा. बिंदूला अक्षर असेल तर तेही, कारण प्रश्न बहुधा ‘ख पासून ग पर्यंत’ असाच विचारलेला असतो. मोबाइलवर टाइप करायला पाच-सहा ओळी लागतात.