‘एचबीडी’ नको, एक आठवण पाठवा

तुमच्या फोनमध्येही असं एखादं चॅट असेल. मागच्या वर्षी ‘एचबीडी’, खाली ‘थँक्स’. त्याच्या आदल्या वर्षीही तेच. मधे काहीच नाही.

माझं असं चॅट पुण्याला गेलेल्या मैत्रिणीचं होतं. आम्ही दोघी चांदूर रेल्वेहून बडनेऱ्यापर्यंत रोज गाडीनं कॉलेजला जायचो. यंदा तिच्या वाढदिवशी मेसेज लिहिला आणि खोडला. ‘आत्ताच काहून आठवण आली हिला?’ असं तिला वाटलं तर?

ही भीती फक्त आपलीच नाही. लारा अ‍ॅकनिन आणि जिलियन सँडस्ट्रॉम या संशोधकांचा 2024 चा अभ्यास आहे. जुन्या मित्राशी बोलायची इच्छा होती, नंबर होता, लिहायला वेळही दिला होता. तरी एक तृतीयांशाहून कमी लोकांनी मेसेज पाठवला. मग काही जणांना आधी तीन मिनिटं रोजच्या मित्रांना मेसेज करायला लावले. त्यांच्यातल्या निम्म्याहून जास्त जणांनी जुन्या मित्रालाही पाठवला. म्हणजे अडतं ते पहिल्या ओळीला.

मीही आधी रूममेटशी थोडं चॅट केलं. मग लिहिलं: ‘हॅपी बर्थडे वं. बडनेऱ्याच्या फलाटावर आहे. त्या पावसात आपण छत्रीखाली बॅगा ठेवल्या अन् स्वतः भिजलो, आठवते? अजूनही बॅगच वाचवून राहिली काय?’

यात ‘सॉरी, बोलणंच झालं नाही’ मुद्दामच नव्हतं. माफी मागितली की समोरच्याला आधी आपली समजूत काढावी लागते. आठवण अशी घेतली, जी फक्त आम्हा दोघींची होती. ती फॉरवर्ड वाटूच शकत नाही. आणि शेवटी असा प्रश्न, ज्याला नुसतं ‘थँक्स’ म्हणून सुटता येत नाही. पाठवला संध्याकाळी, कारण रात्री बाराच्या गर्दीत सगळे मेसेज सारखेच दिसतात.

रात्री सात मिनिटांची व्हॉइस नोट आली. आधी हसली, मग म्हणाली, दोन महिन्यांपूर्वी नोकरी गेली, घरी सांगितलं नाही. मी ‘कशी आहेस?’ एवढंच विचारलं असतं, तर ‘मस्त’ म्हणून मोकळी झाली असती. आता तिला नवीन काम मिळालंय, घरीही माहीत आहे. तिला विचारूनच हे लिहितेय.

दरवेळी असं होईलच असं नाही. उत्तर नाही आलं, तर ‘पाहिला का?’ म्हणून मागे लागू नका. ज्यानं स्पष्ट ‘नको’ म्हटलंय, त्याच्यासाठी वाढदिवस ही पळवाट नाही. आणि त्याच मेसेजमध्ये काम सांगू नका, नाहीतर आठवणही खोटी वाटते.

तारीख उलटून गेली असेल तरी चालेल. ‘उशीर झाला, पण आठवलं’ हे खरं असेल तर पुरतं. उत्तर आलं की मात्र त्याच आठवड्यात फोन करा. नाहीतर पुढच्या वर्षी पुन्हा ‘एचबीडी’ आणि ‘थँक्स’.