नामनिर्देशित म्हणजे मालक नव्हे

समजा, मृत्युपत्र न करता एका जैन गृहस्थाचे निधन झाले. बँकेतील १२ लाखांच्या मुदतठेवीवर नामनिर्देशन केवळ थोरल्या मुलाचे. बँक रक्कम त्यालाच देईल आणि तिची जबाबदारी तेथेच संपेल. मालकी मात्र त्याने ठरत नाही. जैनांनाही लागू असलेल्या १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानुसार आई, पत्नी, मुलगा व मुलगी या चौघांचा प्रत्येकी ३ लाखांवर हक्क असतो. मुलाने हिस्सा नाकारला, तर बँकेशी भांडण्यात अर्थ नाही; दिवाणी न्यायालयातच जावे लागते. आयुर्विम्यात २०१५ च्या दुरुस्तीनंतर आईवडील, पती-पत्नी वा अपत्ये नामनिर्देशित असतील, तर रक्कम सामान्यतः त्यांचीच होते. भाऊ किंवा पुतण्या असेल, तर तो वारसांच्या वतीने केवळ ती स्वीकारतो.