जुनं घड्याळ ऑनलाइन लिलावात घेताय? आधी उलटा हिशोब करा

घड्याळांच्या लिलावाचा व्हिडिओ टाकल्यापासून एकच प्रश्न जास्त येतोय, "सर, बोली किती लावायची?" माझं मत स्पष्ट आहे. बोलीचा आकडा लिलाव सुरू व्हायच्या आदल्या दिवशी कागदावर ठरलेला पाहिजे, आणि तो खालून वर नाही, वरून खाली काढायचा.

आपल्या वसमतच्या हळद बाजारात व्यापारी ढिगात हात घालतो, कांडी मोडून आतला रंग बघतो, मगच बोलतो. ऑनलाइन लिलावात कांडी मोडता येत नाही. तिथं तुमच्या हातात फक्त फोटो आणि कंडिशन रिपोर्ट. म्हणून जे दिसलं नाही त्याची किंमत बोलीतून आधीच वजा करायची.

समजा, हिंगोलीत तुमचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान आहे आणि पुन्हा विकायला १९६० च्या दशकातलं एक ओमेगा ऑटोमॅटिक घ्यायचंय. सगळं धरून ५०,००० रुपयांच्या वर जायचं नाही, असं ठरलंय. हातोडा ज्या आकड्यावर पडतो तेवढेच पैसे द्यायचे असतात, असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं नाही. त्यावर लिलाव कंपनीचं बायर्स प्रीमियम लागतं. ते २० टक्के धरू, आणि त्या प्रीमियमवर १८ टक्के जीएसटी. म्हणजे १०० रुपयांच्या बोलीला १२३ रुपये ६० पैसे झाले.

आता उलटं चला. ५०,००० मधून विम्यासकट कुरिअरचे १,५०० आणि ओव्हरहॉलिंगचे ५,००० बाजूला काढा. उरले ४३,५००. त्याला १.२३६ ने भागा, येतात साधारण ३५,२००. म्हणजे तुमची शेवटची बोली ३५,०००. काही लॉटवर घड्याळाच्या किमतीवरही जीएसटी लागतो. तसं असेल तर १.४१६ ने भागायचं, आणि बोली थेट ३०,५०० वर येते. एका ओळीनं साडेचार हजारांचा फरक पडला! ती ओळ लॉटच्या पानावर किंवा अटींमध्ये असते. आधी ती शोधा.

आता कंडिशन रिपोर्ट. त्यात काय लिहिलंय यापेक्षा काय लिहिलेलं नाही, ते जास्त बघा. "कॅटलॉग करताना चालू होतं" याचा अर्थ एवढाच, की त्या दिवशी काटे फिरत होते. वेळ बरोबर दाखवतं, असं त्यात कुठंही म्हटलेलं नाही. "उघडून पाहिलेलं नाही" असेल तर आतलं मशीन कोणतं, पार्ट बदललेत का, गंज आहे का, सगळंच अंधारात. "पॉलिश केलेली केस" म्हणजे कडा घासून गोल झालेल्या असू शकतात. आणि "रिफिनिश्ड डायल" म्हणजे डायल पुन्हा रंगवलेली. खरे संग्राहक अशा घड्याळाला भाव देत नाहीत.

आपल्याकडं हा डायलचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. जुन्या एचएमटी, फाव्र-लुबा घड्याळांना भडक रंगाच्या नव्या डायल मारून विकतात. संग्राहकांमध्ये त्यांना नावच पडलंय, "मुंबई स्पेशल". ओळखायचं कसं? मोठा फोटो मागवा. अक्षरं जाड किंवा पसरलेली, मिनिटांच्या रेघा कमी-जास्त अंतरावर, तळाचं "स्विस मेड" तिरकं किंवा गायबच, आणि साठ वर्षांच्या केसमध्ये डायल मात्र कोरी करकरीत. यातल्या दोन गोष्टी दिसल्या की सोडून द्या.

लिलावाच्या दोन-तीन दिवस आधी कंपनीला मेल करून तीन गोष्टी विचारा: डायल मूळची आहे का, मागचं झाकण उघडलेला मशीनचा फोटो मिळेल का, चावी आणि काटे मूळचे आहेत का. उत्तर लेखी घ्या, फोनवरचं धरू नका. उत्तर आलं नाही तर माझा नियम आहे, बोली नाही. कारण माल "जसा आहे तसा" विकला जातो. घड्याळ नकलीच निघालं तर बहुतेक कंपन्यांच्या अटींत दाद मागायची सोय असते, पण "बंद पडतंय" म्हणून परत घेत नाहीत.

शेवटचा धोका घड्याळात नाही, आपल्यात आहे. बहुतेक ऑनलाइन लिलावात शेवटच्या मिनिटांत बोली आली की वेळ आपोआप वाढते. माणूस "अजून एक हजारच" करत वाहवत जातो, आणि ते हजार प्रीमियमसकट बाराशे छत्तीस असतात. म्हणून कमाल बोलीची सोय असेल तिथं ३५,००० टाका आणि फोन खाली ठेवा. यंत्रणा गरजेपुरतीच बोली वाढवते. त्याच्या वर गेलं तर ते घड्याळ तुमच्या धंद्याचं नव्हतंच.

परदेशातल्या लिलावात यावर कस्टम ड्युटीही येते. म्हणून पहिली दोन-तीन घड्याळं भारतातूनच घ्या, आणि प्रत्येकाचा पूर्ण खर्च वहीत लिहा. तुमचा हिशोब कमेंटमध्ये टाका, पुढच्या व्हिडिओत तोच सोडवू.