गोष्टीला शेपूट कशाला?

पहिली-दुसरीच्या वर्गात गोष्ट सांगून झाली, की गुरुजींनी खडू उचलायचा आणि फळ्यावर ‘तात्पर्य’ लिहायचं, हा रिवाज कुणी पाडला कोण जाणे. पण तो मोडला पाहिजे. मी तीस वर्षं मराठवाड्यातल्या खेड्यांत लहान वर्ग सांभाळले, आणि या एका ओळीनं गोष्टीचा जेवढा जीव घेतलाय तेवढा दुसऱ्या कशानं घेतलेला मी पाहिला नाही.

आमच्याकडं दिवाळी झाली की अर्धं गाव ऊसतोडीला जातं. काही लेकरं आईबापाबरोबर कोपीवर जातात, काही आजीपाशी राहतात. या मागं राहिलेल्या लेकरांना घरात पुस्तक नसतं, पण रात्री गोधडीत गोष्ट असते. ती शाळेत येतात तेव्हा आम्ही त्यांची पाटी कोरी आहे असं धरून चालतो. कोरी कशी असेल? काऊ-चिऊची गोष्ट तर प्रत्येकाला येत असते.

तीच गोष्ट घ्या. कावळ्याचं घर शेणाचं, चिमणीचं मेणाचं. पाऊस येतो, शेण वाहून जातं, कावळा चिमणीच्या दाराशी येतो. इथून पुढं खरी गोष्ट. तो दार उघड म्हणतो, ती थांब म्हणते. आधी बाळाला न्हाऊ घालायचंय, मग अंग पुसायचंय, मग काजळ, मग अंगडं, मग जेवू घालणं, मग निजवणं. विनवणी तीच, उत्तर मात्र दर खेपेला एक पायरी पुढं गेलेलं. मोठ्या माणसाला हा कंटाळा वाटतो. सहा वर्षांच्या लेकराला मात्र तो जिना असतो. एक पायरी ठाऊक, तिच्यावर पाय दिला की दुसरी. आधी काय, नंतर काय, का थांबवलं, हे सगळं त्यात आहे. सहा-सात वाक्यं न सांडता डोक्यात धरायची, हे पुढं वाचताना लागणारं कामच ते इथं करतं, तेही अक्षर न येता.

ही गोष्ट मी चार-पाच दिवस चालवीत असे. पहिल्या दिवशी फक्त सांगायची. हातात पुस्तक नाही, चित्र नाही. तोंडाकडं बघत ऐकायचं. दुसऱ्या दिवशी तीच गोष्ट, पण चिमणीचं उत्तर आलं की मी गप्प. वर्ग ती जागा भरणार. तिसऱ्या दिवशी मुद्दाम चुकायचं. काजळ आधी आणि न्हाऊ घालणं नंतर, असं म्हटलं की वर्ग उसळतो, “न्हाय न्हाय गुर्जी, काजळ धुऊन जाईल की!” हे ‘धुऊन जाईल’ महत्त्वाचं. लेकराला क्रम पाठ नसतो, तर कळलेला असतो, हे तिथं दिसतं. चौथ्या दिवशी, काल गैरहजर असलेल्या पोराला गोष्ट सांगायला एकाला उभं करायचं. ज्याला गोष्ट ठाऊक नाही त्याला सांगताना ‘तो’ म्हणजे कोण हे स्पष्ट करावंच लागतं, मधली पायरी गाळून चालत नाही. गोष्ट कुणाची झालीय आणि कोण नुसता कोरसात ओरडत होता, हे तिथं उघडं पडतं.

आता तात्पर्याचं बघा. एकदा तपासणीला आलेल्या एका साहेबांनी मला विचारलं, “तात्पर्य कुठंय?” त्यांनी वर्गाला विचारलं, या गोष्टीतून काय शिकलात? पोरं चाणाक्ष. साहेबांच्या तोंडाकडं बघून एकजण म्हणाला, ‘संकटात मदत करावी.’ सगळ्यांनी री ओढली. साहेब खूश. त्यांनी हे विचारलं नाही, की आमच्या गावच्या गोष्टीत चिमणी कावळ्याला शेवटी तापल्या तव्यावर बसवते, मग मदतीचं तात्पर्य आलं कुठून? ते गोष्टीतून आलंच नव्हतं. साहेबांना काय हवंय ते ओळखण्यातून आलं होतं. लेकरू एकदा हे शिकलं की पुढं गोष्ट ऐकत नाही, शेपटाची वाट बघतं. चिमणी लबाड का शहाणी, यावर पोरं मधल्या सुट्टीत भांडत होती. फळ्यावर ओळ आली की ते भांडण मिटतं, आणि विचारही तिथंच थांबतो.

गावातल्या एका म्हातारीला मी वर्गात गोष्ट सांगायला बोलवायचो. तिला हे सांगितलं तर म्हणाली, “गुर्जी, पोटात गेलेल्या भाकरीला कुणी इचारतं व्हय, काय शिकलीस म्हणून?”

हे नवं नाही. गुजरातेत गिजुभाई बधेकांनी ‘दिवास्वप्न’मध्ये हेच दाखवलं. त्यातला मास्तर पहिल्या दिवशी वर्ग हाताळता न येऊन हरतो, आणि मग गोष्टीनंच वर्ग ताळ्यावर आणतो. तीच गोडी पुढं पुस्तकापर्यंत नेतो. गिजुभाईंबरोबर भावनगरला काम केलेल्या ताराबाई मोडक 1945 साली बोर्डीला आल्या आणि त्यांनी खेड्यातल्या लेकरांसाठी काम उभं केलं. म्हणजे वाट घालून दिलेली आहे. आपण तिच्यावर तक्ते टाकून ठेवलेत.

मात्र गोष्टीचे भाबडे भक्तही मला पटत नाहीत. गोष्ट ऐकून वाचता येत नाही. अक्षर आणि त्याचा आवाज हे रोज, वेगळं, नेमानं शिकवावंच लागतं. मी पोरांनी सांगितलेली वाक्यं त्यांच्याच बोलीत फळ्यावर लिहायचो, शेजारी पुस्तकातली भाषा. पोरं धडाधड ‘वाचायची’. आलेला माणूस थक्क व्हायचा. पण ते वाचन असतंच असं नाही. बोट एका शब्दावर आणि तोंड तिसऱ्यावर, असं झालं तर समजावं की पाठांतर चाललंय. शेवटचा शब्द आधी विचारा, मधलाच एक हातानं झाकून पुढचा विचारा. जो अडतो त्याला अजून अक्षरंच शिकवायचीत. तसंच आजीची प्रत्येक गोष्ट वर्गात आणायची नसते. एखाद्या जातीला चोर किंवा बावळट ठरवणाऱ्या गोष्टी आमच्या गावात कमी नाहीत, आणि त्या जातीचं लेकरू त्याच बस्करावर बसलेलं असतं. त्या गोष्टी मी सांगितल्या नाहीत.

आज लेकरू मिनिटाला किती शब्द वाचतं हे घड्याळ लावून मोजतात. मोजा बापहो. पण तेच लेकरू न थांबता एक गोष्ट दुसऱ्याला समजेल अशी सांगू शकतं का, हेही बघा. त्याला घड्याळ लागत नाही, समोर बसून ऐकणारा मास्तर लागतो. भिंतीवरच्या टीव्हीत गोष्ट लावून मास्तर माहिती भरायला बसला तर ती जागा रिकामीच राहते. टीव्ही गप्प राहून लेकराला वाक्य पुरं करू देत नाही, मुद्दाम चुकतही नाही.

म्हणून माझं मागणं छोटं आहे. पहिली-दुसरीला रोज वीस मिनिटं तोंडी गोष्टीची राखा, एकच गोष्ट आठवडाभर चालू द्या, सांगायची पाळी लेकरांवर येऊ द्या. आणि तपासणीच्या कागदावरचा तात्पर्याचा रकाना खोडून टाका.