पहिल्याच वर्षी छापील पाऊच नको!

मिरची पावडरचा धंदा सुरू करताय आणि पहिला मोठा खर्च छापील पाऊचवर? माझं स्पष्ट मत: थांबा.

असे पाऊच सहसा सिलिंडरवर छापतात. प्रत्येक रंगाला वेगळा सिलिंडर लागतो, म्हणून ऑर्डर हजारोंची द्यावी लागते. उद्या धंदा वाढला आणि एफएसएसएआय नोंदणीऐवजी परवाना घ्यावा लागला, की १४ अंकी नंबर बदलतो. उरलेले पाऊच मग काय करणार?

त्यापेक्षा साधं, अपारदर्शक पाऊच घ्या. उजेडाने मिरचीचा रंग उडतो. पुढच्या स्टिकरवर ब्रँडचं नाव, शाकाहारी खूण, निव्वळ वजन. मागच्यावर घटक, पत्ता, एमआरपी, बॅच, तारीख आणि तो नंबर. बदल झाला तर फक्त मागचं स्टिकर बदला, पुढचं तेच ठेवा. गिऱ्हाईक तेच ओळखतं.

वर्षभर लेबलवर काहीच बदलावं लागलं नाही, की मग खुशाल छापा.