भाद्रपदात रिकामा झालेला फ्लॅट

जुलैच्या पहिल्या आठवड्यात कोथरूडमधले एक व्यवस्थापक स्नेही वही घेऊन कचेरीत आले. टू बीएचके फ्लॅट, भाडं २८,००० रुपये, सोसायटीचा मेंटेनन्स त्यातच धरलेला. अकरा-अकरा महिन्यांचे तीन करार एकाच कुटुंबाशी झालेले, आणि तिसरा ३१ ऑगस्टला संपणार. बाजारात अशा फ्लॅटला ३०,००० सहज मिळतात. मालकांना तेवढे हवेत. भाडेकरू म्हणतात, आहे त्याच भाड्यात देत असाल तर राहतो, नाहीतर बघतो दुसरीकडे.

वहीत हिशेब तयार होता. फ्लॅट सुटला तर पंचेचाळीस दिवस रिकामा, म्हणजे ४५,०००. मालकाच्या बाजूची अर्ध्या महिन्याची दलाली १५,०००. रंग २८,०००. साफसफाई, कुलूप, किरकोळ दुरुस्ती ७,०००. रिकाम्या काळातला मेंटेनन्स ४,८००. मुद्रांक आणि नोंदणी १,८५०. बेरीज १,०१,६५०. सूट द्यायची तर दरमहा दोन हजार, अकरा महिन्यांचे बावीस हजार. ‘‘लाख रुपये वाचवायला बावीस हजार सोडायचे, यात विचार काय करायचा?’’ असं त्यांचं म्हणणं.

विचार करण्यासारखं बरंच आहे. आपल्यातले बहुतेक जण हिशेब याच पद्धतीने मांडतात, म्हणून या महिन्यात ती वहीच समोर ठेवतो.

आधी बेरजेतल्या चुका. मुद्रांक आणि नोंदणीचा खर्च यात येतच नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा प्रत्येक करार नोंदवावा लागतो. जुन्याच भाडेकरूशी नवा करार केला तरी तोच मुद्रांक आणि तीच नोंदणी फी. दोन्ही वाटांवर सारखा असलेला खर्च निवडीच्या हिशेबात धरायचा नसतो. मेंटेनन्सचंही तेच. तो भाड्यातच आहे, म्हणजे मालक भाडेकरू असतानाही भरतो आणि नसतानाही. गेलेल्या भाड्यात तो एकदा मोजून झालाय. भाडेकरू मेंटेनन्स वेगळा भरत असेल तरच रिकाम्या काळात तो मालकाच्या अंगावर येतो.

रंगाची गंमत जरा वेगळी आहे. शेवटचा रंग हे कुटुंब येण्याआधी लागला, त्याला तेहेतीस महिने झाले. राहत्या घराचा रंग साधारण चार वर्षं, म्हणजे अठ्ठेचाळीस महिने धरू. भाडेकरू कोणीही असो, पंधरा महिन्यांनी रंग काढावाच लागणार. मग आज घर सोडल्यामुळे होणारं नुकसान उरलेल्या पंधरा महिन्यांपुरतं, म्हणजे ८,७५० रुपये. उलट, रंग लावून वर्षही झालं नसताना भाडेकरू गेला आणि भिंती पुन्हा करायला लागल्या, तर जवळजवळ सगळी रक्कम धरायला हवी. या दुरुस्त्यांनंतर खर्च ७५,७५० वर येतो. पंचवीस हजारांहून जास्त रक्कम नुसत्या मांडणीत फुगली होती.

राहिलेल्या रकमेतली सर्वांत मोठी बाब म्हणजे रिकामे दिवस, आणि ते घर कधी सुटतं यावर ठरतात. ३१ ऑगस्टला किल्ली हातात आली की रंग-सफाईत आठ-दहा दिवस जातात. तोवर गणपती येतात. मागोमाग पितृपक्ष. त्या पंधरवड्यात नव्या घरात सामान हलवणारं कुटुंब विरळा. घर बघून जातील, टोकनही देतील, पण राहायला घटस्थापनेनंतर येतील. शाळा जूनमध्ये सुरू झालेल्या, त्यामुळे मुलांची घरं त्या सुमारास फारशी हलत नाहीत. पंचेचाळीस दिवसांचा अंदाज म्हणूनच योग्य आहे. पण याच फ्लॅटची किल्ली मेअखेर मिळाली असती, तर वहीतल्या जुन्या नोंदींप्रमाणे दोन आठवड्यांत नवं कुटुंब आलं असतं.

आणि भाद्रपद या फ्लॅटच्या वाट्याला आला कसा? पहिला करार १ डिसेंबरला सुरू झाला. अकरा महिन्यांनी तो ऑक्टोबरअखेर संपला, दुसरा सप्टेंबरअखेर, तिसरा ऑगस्टअखेर. अकरा महिन्यांची सवय म्हणजे दर कराराला एक महिना मागे सरकणं. नोंदणी टाळण्यासाठी रूढ झालेला हा आकडा आपल्याकडे कलम ५५ मुळे काहीच टाळत नाही, तरी हात आपोआप तोच लिहितो. करार नऊ महिन्यांचा, तेरा महिन्यांचा, चोवीस महिन्यांचा, कसाही करता येतो.

आता मूळ प्रश्न. भाडेकरू राहिला म्हणजे ७५,७५० वाचले का? नाही. कधीतरी तो जाणारच आहे. खर्च फक्त पुढे गेला. म्हणून तुलना ‘आज गेला’ आणि ‘या करारानंतर गेला’ या दोन खर्चांची करायची.

समजा, करार नऊ महिन्यांचा केला आणि तो ३१ मे रोजी संपला. त्या वेळी पंधरा दिवस रिकामे म्हणजे १५,०००, दलाली १५,०००, सफाई वगैरे ७,०००, आणि रंगाचे उरलेले सहा महिने म्हणजे ३,५००. एकूण ४०,५००. आजच्या खर्चापेक्षा ३५,२५० कमी. शिवाय खर्च नऊ महिने पुढे गेला, त्यालाही किंमत आहे. एक भाडेकरू सरासरी तीन करार टिकतो असं धरलं, तर साधारण चाळीस हजारांचा बदलीखर्च तेहेतीस महिन्यांवर पसरून महिन्याला सुमारे बाराशे पडतो. नऊ महिन्यांचे १०,८००. म्हणजे भाडेकरू राहिल्याचा खरा फायदा सुमारे ४६,०००.

हाच करार नेहमीसारखा अकरा महिन्यांचा केला, तर तो ३१ जुलैला संपेल. पाऊस, सुरू झालेल्या शाळा आणि पुढे उभे असलेले गणपती. पस्तीस दिवस रिकामे धरले तर त्या वेळचा खर्च एकोणसाठ हजारांच्या वर जातो, आणि अकरा महिने पुढे ढकलल्याचे तेरा हजार मिळवूनही एकूण फायदा साडेएकोणतीस हजारांच्या आसपास राहतो. भाडेकरू तेच, फ्लॅट तोच, सूटही तीच. करार कधी संपतो एवढ्यावर सोळा हजारांचा फरक पडला.

एवढं झाल्यावरही सूट लगेच परवडते असं नाही, कारण राहणारच असलेल्या माणसालाही आपण ती देत असतो. अकरा महिन्यांच्या करारात दोन हजारांची सूट म्हणजे बावीस हजार. साडेएकोणतीस हजारांच्या फायद्यासमोर ती तेव्हाच फिटते, जेव्हा सूट नाही मिळाली तर अशा चार भाडेकरूंपैकी तीन जण खरोखर जातील आणि मिळाली तर थांबतील. नऊ महिन्यांच्या करारात तीच सूट अठरा हजारांची होते आणि पाचांपैकी दोन जण थांबले तरी फिटते. सूट एक हजारावर आणली, म्हणजे भाडं २९,०००, तर नऊ महिन्यांचे नऊ हजार, आणि पाचांत एक थांबला तरी पुरे. ‘याच भाड्यात द्या’ म्हणणाऱ्यांपैकी निम्म्या वाटेवर तयार होणारे किती असतात, हे तुम्ही रोज पाहता.

आयकराचा एक बारकावा इथे सुटीच्या बाजूने झुकतो. भाड्याच्या उत्पन्नातून सरसकट ३० टक्के वजावट मिळते. दलाली आणि रंग त्यातच आले, त्यांची वेगळी वजावट नाही. सोडून दिलेलं भाडं मात्र करपात्र उत्पन्नातून आपोआप कमी होतं. ३० टक्क्यांच्या टप्प्यातल्या मालकाला, उपकर सोडला तर, हजाराची सूट सुमारे ७९० रुपयांना पडते आणि हजाराची दलाली पूर्ण हजाराला.

पण चौघांतले तीन की पाचांतला एक, हे कळायचं कसं? कागदावर नाही कळत. आमचे स्नेही कराराआधी दोन महिने त्या घरी जाऊन आले, ही त्यांची खरी हुशारी. भाड्याची गोष्ट काढल्यावर घरच्या वहिनी म्हणाल्या, ‘‘दादा, पैशाचं नंतर बघू, आधी ही भिंत बघा.’’ न्हाणीघरामागच्या खोलीत कपाटाच्या उंचीपर्यंत ओल चढली होती, रंगाचे पापुद्रे गादीवर पडत होते. दोनदा कळवून कोणी आलं नव्हतं. अशा घरात सुटीने राहण्याची शक्यता फार हलत नाही. नळाच्या सांध्याचं काम आणि भिंतीवर गिलावा, एवढ्याने ती हलते. आणि ते काम बदलीखर्चाच्या बेरजेत धरू नका. नवा भाडेकरू आला तरी करावंच लागणार आहे. याउलट मुलाची शाळा बदललेली असेल, नवऱ्याची बदली हिंजवडीच्या टोकाला झाली असेल, डिपॉझिट किती दिवसांत परत मिळतं असा प्रश्न येऊन गेला असेल, तर तिथे सूट देणं म्हणजे जाणाऱ्याच्या प्रवासखर्चाला हातभार लावणं. अशा घराच्या जाहिरातीची तयारी त्याच आठवड्यात सुरू करावी.

सूट द्यायची ठरली तर ती भाड्याच्या आकड्यात घालू नका. करारात २८,००० किंवा २९,००० लिहिले की पुढची वाढ त्यावरच मोजली जाते, आणि एका वर्षाची सूट कायमची होऊन बसते. भाडं ३०,००० लिहावं आणि नऊ हजारांची सवलत शेवटच्या महिन्याच्या भाड्यातून, मुदत पूर्ण केली तर, अशी करारातच नोंदवावी. मध्येच एका महिन्याच्या नोटिशीवर कोणी गेलं तर मालकाने आधीच पैसे सोडलेले नसतात.

या हिशेबाची एक मर्यादा सांगून ठेवतो. नवा भाडेकरू ३०,००० देईल असं आपण धरलं आहे. त्या इमारतीत नुकताच एखादा फ्लॅट ३३,००० ला गेला असेल, तर जुन्याला थांबवण्याचा फायदा महिन्याला तीन हजारांनी घटतो आणि सुटीचा प्रश्न बहुधा मिटतो. जाहिरातीतला भाव मात्र पुरावा म्हणून धरू नये. सही झालेल्या कराराचाच धरावा.

कोथरूडच्या त्या फ्लॅटची ओल आधी काढली गेली, खर्च ६,२०० रुपये. करार ३१ मेपर्यंतचा झाला, भाडं ३०,०००, शेवटच्या महिन्यात नऊ हजारांची सवलत.

वाचकांना एक विनंती. तुमच्याकडच्या गेल्या दहा रिकाम्या झालेल्या घरांसाठी दोनच तारखा आम्हाला कळवा: किल्ली हातात आली तो दिवस आणि नवं भाडं सुरू झालं तो दिवस. भाग आणि खोल्यांची संख्या लिहा. नावं आणि पत्ते नकोत.